पहिल्या ओळीतच ठरतं यंत्राचं पुस्तकी मूल्य

कारखान्यात नवं यंत्र येतं तेव्हा त्याच्याबरोबर बिल येतं. बहुतेक ठिकाणी त्या बिलातला तळाचा आकडा आणि वरची तारीख उचलून घसाऱ्याच्या तक्त्यात टाकली जाते. मग वर्षानुवर्षं त्यावरून घसारा निघत राहतो. गुणाकार बरोबर असतात, बेरजा जुळतात, आणि तरीही तक्ता चुकलेला असतो. कारण तळाचा आकडा ही यंत्राची किंमत नसते, आणि बिलाची तारीख ही घसारा सुरू होण्याची तारीख नसते.

घसारा म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. वीस लाखांचं यंत्र घेतलं म्हणून त्या एकाच वर्षाच्या नफ्यातून वीस लाख वजा करत नाहीत. यंत्र जितकी वर्षं काम देणार, तितक्या वर्षांवर तो खर्च पसरायचा. दरवर्षी खर्चात पडणारा वाटा म्हणजे घसारा, आणि अजून खर्चात न पडलेली बाकी म्हणजे पुस्तकी मूल्य. आज विकायला काढलं तर यंत्राचे किती येतील, हे पुस्तकी मूल्य सांगत नाही. किती खर्च अजून पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा व्हायचा आहे, एवढंच ते सांगतं. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे मालक आणि अकाउंटंट यांच्यात कितीतरी वाद होतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, असं समजा. तिने एक सीएनसी टर्निंग यंत्र घेतलं. बिलाची तारीख १२ सप्टेंबर २०२२. बिलात यंत्राची किंमत १८,५०,०००, त्यातून सूट ५०,०००, वर पॅकिंग-फॉरवर्डिंगचे १५,०००. म्हणजे कराआधीची रक्कम १८,१५,०००. त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ३,२६,७००. तळाचा आकडा २१,४१,७००.

हाच आकडा तक्त्यात गेला, तर पहिली चूक तिथेच झाली. कंपनी जीएसटीत नोंदलेली आहे, ती ३,२६,७०० रुपयांचं इनपुट क्रेडिट घेणार. जो पैसा परत मिळाल्यासारखाच आहे, तो यंत्राची किंमत कसा असेल? जीएसटी कायद्यातही हे स्पष्ट आहे: कराच्या रकमेवर आयकरात घसारा घेतला, तर त्या रकमेचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. एकाच रकमेचा दोन्हीकडून लाभ घेता येत नाही. क्रेडिट मुळातच मिळत नसेल, उदाहरणार्थ व्यावसायिक कंपोझिशन योजनेत असेल, तर मात्र जीएसटी खरोखर खिशातून गेलेला असतो आणि तो किमतीत धरावाच लागतो. जुना तक्ता तपासताना मी एक साधी गोष्ट करतो. पहिल्या ओळीतल्या रकमेला १.१८ ने भागतो. भागाकार स्वच्छ गोल आकड्यात आला, तर जीएसटीसकट रक्कम टाकल्याचा संशय घ्यायचा आणि मूळ बिल मागवायचं.

पण १८,१५,००० हीसुद्धा पूर्ण किंमत नव्हे. यंत्र जागेवर बसून कामाला लागेपर्यंत त्यासाठी जे जे लागलं, ते सगळं किमतीचा भाग असतं, आणि हे खर्च यंत्राच्या बिलात सापडत नाहीत. ते महिनाभरात इतर खात्यांमध्ये विखुरलेले असतात. आपल्या कंपनीत ट्रान्सपोर्टचं बिल २८,००० रुपयांचं होतं, ते वाहतूक खर्चात गेलं होतं. ट्रकमधून यंत्र उतरवायला हायड्रा बोलावली, तिचे ९,००० किरकोळ खर्चात होते. फाउंडेशन आणि ग्राउटिंगचे ४६,००० इमारत दुरुस्तीत सापडले. वेगळी केबल, पॅनेल आणि स्टॅबिलायझर मिळून ८२,००० विजेच्या दुरुस्तीत होते. यंत्र उभारून द्यायला आलेल्या इंजिनिअरच्या कंपनीने २०,००० लावले होते. हे सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत. १८,१५,००० मध्ये हे १,८५,००० मिळवले की यंत्राची खरी किंमत होते २०,००,०००.

म्हणून तक्ता तयार करायला बसताना फक्त यंत्राच्या पुरवठादाराचं खातं उघडून भागत नाही. बिलाच्या आधीचा एक महिना आणि नंतरचे दोन महिने, या काळातली वाहतूक, दुरुस्ती, वीज आणि किरकोळ खर्चाची खाती ओळीओळीने बघावी लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

याच बिलांमध्ये किमतीत न धरण्यासारख्याही गोष्टी असतात. यंत्राबरोबर घेतलेले इन्सर्ट, कूलंटचे कॅन, वर्षभराचा देखभाल करार हे त्या वर्षाचे खर्च आहेत, यंत्र नव्हे. पुढे तीन वर्षांनी स्पिंडलचं बेअरिंग बदललं तर तीही दुरुस्तीच, कारण यंत्र पूर्वी जे करत होतं तेच पुन्हा करू लागलं. पण बार फीडर जोडला आणि यंत्र आधी जे करू शकत नव्हतं ते करू लागलं, तर ती वाढ. तिची स्वतंत्र ओळ, स्वतंत्र तारीख. जुन्या ओळीतल्या रकमेत ती मिळवायची नाही. मिळवली तर पहिल्या दिवसापासूनचा घसारा बिघडतो आणि नंतर कुणालाच तो सोडवता येत नाही.

रोखीचा एक बारकावा छोट्या कारखान्यांना हमखास नडतो. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली असेल, तर आयकराच्या हिशेबात ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरता येत नाही. हायड्रावाल्याचे ९,००० रोख दिले तर चालतील. फाउंडेशनवाल्याला ४६,००० एकदम रोख मोजले, तर त्या रकमेवर कधीच घसारा मिळणार नाही. पुस्तकात ती रक्कम राहील, आयकराच्या तक्त्यातून गळेल. आपल्या उदाहरणात सगळे मोठे पैसे बँकेतून गेले आहेत, म्हणून दोन्ही ठिकाणी सुरुवात २०,००,००० वरूनच होते.

आता तारीख. बिल १२ सप्टेंबरचं. यंत्र २४ तारखेला फाटकातून आत आलं. फाउंडेशन सुकायला, लेव्हलिंगला, वीजजोडणीला वेळ गेला. ११ ऑक्टोबरला ट्रायलचे जॉब मापात उतरले, कमिशनिंग रिपोर्टवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या आणि त्याच दिवसापासून उत्पादन सुरू झालं. घसाऱ्यासाठी ११ ऑक्टोबर हीच तारीख.

महिनाभराने काय फरक पडतो? आयकरात पडतो, आणि चांगलाच पडतो. त्या वर्षी घेतलेलं यंत्र त्याच वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं असेल, तर घसारा निम्म्या दराने मिळतो. १२ सप्टेंबरपासून ३१ मार्चपर्यंत २०१ दिवस होतात, ११ ऑक्टोबरपासून १७२. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के. बिलाची तारीख धरली तर पहिल्या वर्षीचा घसारा ३,००,००० दिसतो, खरा मिळतो १,५०,०००. उंबरठा ३ ऑक्टोबरचा आहे: त्या दिवशी यंत्र चालू झालं तर ३१ मार्चला बरोबर १८० दिवस भरतात. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर ४ ऑक्टोबर. दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र सुरू करणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण दसरा कधी या रेषेच्या अलीकडे येतो, कधी पलीकडे. कमिशनिंग रिपोर्ट नीट फाइलला लावलेला असावा. तपासणीत अधिकारी वीजबिल, उत्पादनाची नोंदवही आणि पहिल्या जॉबचं चलन यांच्याशी तो ताडून पाहू शकतो.

स्प्रेडशीटमध्ये हे काम अवघड नाही. E रकान्यात किंमत, F मध्ये वापर सुरू झाल्याची तारीख असेल, तर पहिल्या वर्षासाठी एवढं पुरतं:

```
G2: =DATE(2023,3,31)-F2+1
H2: =ROUND(E2*15%*IF(G2<180,0.5,1),0)
```

G2 मध्ये १७२ आणि H2 मध्ये १,५०,००० यायला हवेत. पुढच्या प्रत्येक वर्षाची आरंभीची शिल्लक मागच्या वर्षाच्या अखेरच्या रकान्यातूनच उचलायची, हाताने टाइप करायची नाही. तक्ते बिघडतात ते बहुतेक करून इथेच. कुणीतरी मार्चअखेर घाईत एक आकडा हाताने बसवतो आणि पुढची साखळी तुटते.

आपली कंपनी खासगी मर्यादित आहे, म्हणून तिला दोन तक्ते ठेवावे लागतात. कंपनी कायदा २०१३च्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रांचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे, आणि शेवटी उरणारी भंगार किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नसते. कंपनीने समान हप्त्याची पद्धत घेतली आहे. वीस लाखांतून एक लाख भंगार वजा, राहिले एकोणीस लाख, ते पंधरा वर्षांत वाटले की वर्षाला १,२६,६६७. पहिल्या वर्षी १७२ दिवसांपुरता हप्ता, म्हणजे ५९,६९०. इथे अर्ध्या दराचा नियम नाही, दिवसांच्या प्रमाणातच हिशेब.

आयकरातली पद्धत वेगळी. तिथे दरवर्षी उरलेल्या शिलकेवर १५ टक्के, म्हणजे सुरुवातीला घसारा जास्त आणि पुढे कमी कमी होत जाणारा. या कंपनीने इतर सवलती सोडून २२ टक्क्यांचा कमी कर निवडला आहे, त्यामुळे नव्या यंत्रावरचा जादा २० टक्के घसारा तिला मिळत नाही. दोन्ही तक्त्यांतली वर्षअखेरची शिल्लक शेजारी शेजारी ठेवली तर अशी दिसते:

| वर्षअखेर | पुस्तकांतला घसारा | पुस्तकी मूल्य | आयकरातला घसारा | आयकरातली शिल्लक |
|---|---|---|---|---|
| मार्च २०२३ | ५९,६९० | १९,४०,३१० | १,५०,००० | १८,५०,००० |
| मार्च २०२४ | १,२६,६६७ | १८,१३,६४३ | २,७७,५०० | १५,७२,५०० |
| मार्च २०२५ | १,२६,६६७ | १६,८६,९७६ | २,३५,८७५ | १३,३६,६२५ |

यंत्र एकच, आणि अडीच वर्षांत दोन तक्त्यांमध्ये साडेतीन लाखांचं अंतर पडलं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला ताळेबंदात जातो, दुसरा विवरणपत्रात. मालक जेव्हा विचारतो की यातला खरा कुठला, तेव्हा त्याच्या मनात बहुधा तिसरीच किंमत असते: यंत्र विकलं तर येणारी. ती या दोन्हींत नाही.

पाळ्यांचा परिणामही फक्त पुस्तकांच्या तक्त्यावर होतो. यंत्र जितका काळ दोन पाळ्यांत चाललं, तितक्या काळाचा घसारा दीडपट, आणि तीन पाळ्यांत चाललं तर दुप्पट. आपलं यंत्र वर्षभर दोन पाळ्यांत धावलं असतं, तर १,२६,६६७ ऐवजी १,९०,००० खर्चात पडले असते. ही माहिती हिशेबनीसाच्या टेबलावर नसते, शॉप फ्लोअरच्या हजेरीत असते. सुपरवायझरला विचारल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही, आणि तरी फार थोड्या ठिकाणी त्याला विचारलं जातं. यंत्र दहा वर्षांत झिजून जातं आणि पुस्तकात मात्र त्याची पाच वर्षं शिल्लक राहतात.

यंत्र विकायची वेळ येते तेव्हा दोन्ही तक्ते आणखी वेगळ्या वाटांनी जातात. समजा, कंपनीने हेच यंत्र १५ नोव्हेंबर २०२५ ला जीएसटी वगळून १२,५०,००० ला विकलं आणि जास्त क्षमतेचं घ्यायचं ठरवलं. पुस्तकांत आधी १ एप्रिलपासून विक्रीच्या दिवसापर्यंत २२९ दिवसांचा घसारा लावायचा, ७९,४७०. पुस्तकी मूल्य राहिलं १६,०७,५०६. त्यातून साडेबारा लाख वजा केले की ३,५७,५०६ रुपयांचा तोटा. तो त्या वर्षाच्या नफातोटा पत्रकात दिसेल. हे नुकसान एका दिवसात झालेलं नाही. यंत्राची किंमत बाजारात आपल्या तक्त्यापेक्षा वेगाने उतरली होती, एवढंच त्यावरून कळतं. बहुधा ते दोन पाळ्यांत चाललं होतं आणि घसारा एकाच पाळीचा धरला होता.

आयकरात हा तोटा दिसतच नाही. १९८८-८९ या कर आकारणी वर्षापासून तिथे सुटं यंत्र मोजलं जात नाही. एकाच दराची सगळी यंत्रं एका गटात एकत्र असतात आणि घसारा गटाच्या शिलकेवर निघतो. यंत्र विकलं की विक्रीची रक्कम गटातून वजा होते, बस. आपल्या यंत्राची शिल्लक होती १३,३६,६२५, विक्री झाली १२,५०,००० ला. फरकाचे ८६,६२५ गटात इतर यंत्रांबरोबर राहतात आणि त्यांवर पुढेही दरवर्षी १५ टक्के मिळत राहतात. गटात हे एकच यंत्र असतं आणि त्याच वर्षी दुसरं आलं नसतं, तर गट संपला असता आणि ८६,६२५ हा अल्पकालीन भांडवली तोटा ठरला असता. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो. या उदाहरणातली सगळी वर्षं मात्र जुन्याच कायद्यातली आहेत.

गटाच्या या पद्धतीमुळे एक सवय लागते आणि ती महागात पडते. आयकराला सुटं यंत्र लागत नाही, म्हणून पुष्कळ कारखाने सुट्या यंत्रांची नोंदच ठेवत नाहीत. तक्त्यात नुसती एक ओळ असते, ‘यंत्रसामग्री’, आणि त्यापुढे आकडा. मग एखादं यंत्र विकलं, जळालं किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली की त्याचं पुस्तकी मूल्य कुणालाच सांगता येत नाही.

अशा ठिकाणी तक्ता नव्याने उभा करावा लागतो, आणि सुरुवात कागदापासून करण्याऐवजी शॉप फ्लोअरपासून केलेली बरी. प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा बगलेला एक धातूची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि बनवल्याचं साल कोरलेलं असतं. तेल आणि रंगाखाली ती पार बुजलेली असते, रॉकेलच्या बोळ्याने पुसली की अक्षरं वर येतात. हा अनुक्रमांक बिलावरही छापलेला असतो. पट्टीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळला, की त्या यंत्राची ओळ पक्की झाली. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक क्रमांक रंगवायचा आणि तोच तक्त्यात लिहायचा.

या जुळवाजुळवीत दोन प्रकारची यंत्रं उरतात. काहींचं बिल आहे, पण यंत्र जागेवर नाही. ती बहुधा भंगारात गेलेली असतात आणि भंगाराच्या विक्रीची रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून पडलेली असते. तीच रक्कम गटातून वजा व्हायला हवी होती आणि पुस्तकांतून ती ओळ कमी व्हायला हवी होती. दुसऱ्या प्रकारात यंत्र उभं आहे, पण बिल नाही. तेव्हा मूळ किंमत अंदाजाने बसवायची नाही. त्या वर्षाचं बँक पासबुक, कर्जाचा मंजुरी कागद, जुनी ऑडिट केलेली वर्षअखेरची पत्रकं, विमा पॉलिसी यांतून रक्कम आणि तारीख शोधायची, आणि कशावरून घेतली ते शेरा रकान्यात लिहायचं. पुरवठादार अजून धंद्यात असेल तर बिलाची दुसरी प्रत मिळते, हे विचारून बघितल्याशिवाय कळत नाही.

तक्ता उभा राहिला की तो खतावणीशी जुळवून पाहायचा. सगळ्या ओळींच्या मूळ किमतींची बेरीज यंत्रसामग्री खात्याच्या बाकीशी जुळली पाहिजे, आणि आजवरच्या घसाऱ्याची बेरीज संचित घसाऱ्याच्या खात्याशी. फरक आला तर तो एका रकमेत गाडून टाकायचा मोह होतो. तसं करू नये. आधी फरकाचा आकडा नीट बघावा. तो एखाद्या बिलाच्या जीएसटीइतका असतो, एखाद्या ट्रान्सपोर्ट बिलाइतका असतो, किंवा एका वर्षाच्या घसाऱ्याच्या बरोबर निम्मा असतो. आपल्या कंपनीच्या तक्त्यात हा फरक १,४१,७०० चा निघाला होता. कुणीतरी जीएसटीचे ३,२६,७०० यंत्राच्या किमतीत धरले होते आणि बाकीची पाच बिलं मिळून १,८५,००० सोडून दिले होते. दोन विरुद्ध चुकांनी एकमेकांना बरंचसं झाकलं होतं, आणि तीन वर्षं तो तक्ता सगळ्यांना जवळजवळ बरोबर वाटत राहिला.